मामाचे ३.७ टक्के: हार्ट रिस्क कॅल्क्युलेटर आतून उघडून बघितला तेव्हा

या एपिसोडमध्ये आकडे बरेच होते. कानाने आकडे धरून ठेवणं कठीण, म्हणून लिहून टाकते आहे. बोलताना मी दोनदा चुकले होते, तेही इथे दुरुस्त केलंय. लोकलमध्ये उभ्याने वाचणार असाल तर कोडचा तुकडा सोडून दिलात तरी चालेल, गोष्ट तुटणार नाही.

सुरुवात आमच्या फॅमिली ग्रुपवर झाली. माझा मामा कोपरीतच राहतो, आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. वय ४६. त्यांच्या सोसायटीत हेल्थ चेकअप कॅम्प झाला, रक्त तपासलं, आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानावर हिरव्या चौकटीत एक ओळ होती: पुढच्या दहा वर्षांत हृदयविकाराचा किंवा स्ट्रोकचा धोका ३.७ टक्के, लो रिस्क. मामाने त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. त्याखाली मावशीचे चार हार आणि दोन लाडू.

खरी भानगड पुढे आहे. त्याच रिपोर्टवर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बीपी आणि कोलेस्टेरॉलचं आता मनावर घ्यायला हवं, कदाचित गोळी सुरू करावी लागेल. मामा म्हणाला, “अगं, तुमचं कॉम्प्युटरच सांगतंय ना ३.७ टक्के? म्हणजे शंभरातले शहाण्णव सुटतात. मग मी कशाला जन्मभर गोळी खाऊ?” युक्तिवाद तसा चुकीचा नाही. आकडा बरोबर असेल तर. म्हणून मी तो आकडा कुठून येतो ते शोधायला बसले.

मामाचे इनपुट असे होते. टोटल कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल, म्हणजे ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ३८. वरचं बीपी १३४, बीपीची गोळी चालू नाही. सिगारेट नाही. डायबेटिस नाही. कॅल्क्युलेटरने एवढंच विचारलं होतं, आणि अजून एक गोष्ट: वंश. त्यात तीन पर्याय होते, `White`, `African American` आणि `Other`. कॅम्पवाल्यांनी अर्थातच `Other` टिक केलं होतं.

हा कॅल्क्युलेटर म्हणजे अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ साली आणलेली समीकरणं. नाव पूल्ड कोहॉर्ट इक्वेशन्स. आपल्याकडच्या बऱ्याच वेबसाइट आणि ॲपच्या पोटात हेच बसलेलं असतं. गंमत म्हणजे ही काही गुप्त गोष्ट नाही, सगळे सहगुणक छापलेले आहेत. चार ओळींचा फॉर्म्युला आहे. मी तो पायथॉनमध्ये उतरवला:

```python
from math import log, exp

def risk(age, tc, hdl, sbp, smoker=0, diabetes=0):
    a = log(age)
    s = (12.344*a + 11.853*log(tc) - 2.664*a*log(tc)
         - 7.990*log(hdl) + 1.769*a*log(hdl)
         + 1.764*log(sbp)
         + (7.837 - 1.795*a)*smoker + 0.658*diabetes)
    return 1 - 0.9144**exp(s - 61.18)

print(risk(46, 210, 38, 134))
```

उत्तर आलं ०.०३७. म्हणजे कॅम्पवाल्यांनी गणित बरोबर केलं होतं. पण या कोडमध्ये `Other` कुठे दिसतंय का बघा. नाही दिसत. कारण `Other` साठी वेगळं समीकरणच नाही. वर जे आहे ते गोऱ्या अमेरिकन पुरुषांचं समीकरण आहे, आणि `Other` निवडलं की गुपचूप हेच चालतं. आमच्या भाषेत याला डिफॉल्ट केस म्हणतात. बाकी कशातच बसलं नाही की इथे पाठवा. कोपरीचा मामा आकडेमोडीत गोरा अमेरिकन झाला होता आणि त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

यात कोणाचा डाव नाही. असे फॉर्म्युले बनतात कसे ते बघा. हजारो लोक घ्यायचे, त्यांचं बीपी, कोलेस्टेरॉल लिहून ठेवायचं, आणि वर्षानुवर्षं वाट बघायची की कोणाला ॲटॅक येतो आणि कोणाला नाही. बोस्टनजवळच्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली हे काम सुरू झालं, पहिल्या तुकडीत ५,२०९ माणसं होती. २०१३ ची समीकरणं फ्रॅमिंगहॅम आणि अमेरिकेतल्याच आणखी काही अभ्यासांच्या आकड्यांवर उभी आहेत. त्यात गोरे आणि कृष्णवर्णीय अमेरिकन होते. भारतीय वंशाच्या लोकांसाठी वेगळं समीकरण काढायला तेवढे भारतीय वंशाचे लोकच त्यात नव्हते. ट्रेनिंग डेटात जे नाही, ते मॉडेलला माहीत नसतं. एवढंच.

आता कोणी म्हणेल, माणसाचं शरीर सगळीकडे सारखंच, कोलेस्टेरॉल वाढलं की नळी तुंबणार, ठाण्यात काय आणि बोस्टनमध्ये काय. हे अर्धं खरं आहे. भाजीवाल्याचा काटा आठवा. काट्याचा शून्य हलला असेल, तरी दोन किलोचा कोबी एक किलोच्या कोबीपेक्षा जड आहे हे तो बरोबरच दाखवतो. क्रम बरोबर, वजन चूक. हे कॅल्क्युलेटर आपल्यावर साधारण तसेच चालतात. सिगारेट ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा जास्त, बीपी वाढलेल्याचा जास्त, हे ते नीट सांगतात. पण ३.७ म्हणजे खरंच ३.७ का, तिथे शून्य हललेला असतो.

शून्य हललाय हे कळतं कसं? सगळ्यात स्वच्छ पुरावा ब्रिटनमधून येतो. तिथे यूके बायोबँक नावाचा प्रचंड मोठा अभ्यास आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी त्यातले दक्षिण आशियाई वंशाचे ८,१२४ आणि युरोपीय वंशाचे सुमारे साडेचार लाख लोक वेगळे काढले. साधारण अकरा वर्षांत दक्षिण आशियाई गटात ६.८ टक्के लोकांना हृदयविकार किंवा स्ट्रोकसारखा आजार झाला, युरोपीय गटात ४.४ टक्के. वय, स्त्री-पुरुष हा फरक जमेस धरला तर धोका जवळपास दुप्पट. आणि कॅल्क्युलेटरने काय सांगितलं होतं? दोन्ही गटांसाठी जवळजवळ एकच आकडा. ब्रिटिश कॅल्क्युलेटर, क्यूरिस्क ३, हा तर इंडियन, पाकिस्तानी, बांगलादेशी असं वेगवेगळं विचारतो. त्यालाही हा फरक पकडता आला नाही.

इथे मी एपिसोडमध्ये पहिल्यांदा चुकले. मी म्हणाले होते, “म्हणजे आपला आकडा सरळ दोनने गुणायचा.” तसं नाही करायचं. यूके बायोबँकमध्ये लोक आपणहून आले होते, आणि आपणहून येणारे लोक सरासरीपेक्षा तब्येतीने बरे असतात. शिवाय ही अमेरिकन समीकरणं अलीकडच्या काही अमेरिकन गटांवर तपासली तेव्हा ती धोका जास्तच दाखवत होती. म्हणजे काटा एका गटासाठी एका बाजूला आणि दुसऱ्यासाठी दुसऱ्या बाजूला झुकतो. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात त्यांच्या कॅल्क्युलेटरचा आकडा भारतीय वंशाच्या माणसासाठी १.३ ने गुणा असं सुचवलंय. तो गुणाकार त्यांच्या काट्यासाठी आहे, तो उचलून दुसऱ्या काट्याला लावता येत नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शनात गुणाकार नाहीच. तिथे दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवलाय आणि पुढचा निर्णय डॉक्टर-पेशंटवर सोडलाय. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

बरं, शून्य हलतो का? कारणं बरीच आहेत, मी दोनच घेते, कारण ती मामाच्या रिपोर्टमध्ये डोळ्यांसमोर होती.

पहिलं कारण वय. कोडमध्ये मामाचे बाकी सगळे आकडे तसेच ठेवून फक्त वय ४६ चं ५६ केलं. धोका ३.७ वरून ८.८ वर गेला. रक्तात काही बदललं नाही, फक्त दहा वाढदिवस झाले. आणि ७.५ च्या पुढे हा कॅल्क्युलेटर मध्यम धोका म्हणतो, जिथे गोळीची चर्चा गंभीरपणे सुरू होते. म्हणजे या फॉर्म्युल्यात वय हा गब्बर आहे, बाकीचे सांभा. अमेरिकेत ते चालून जातं, कारण तिथे ॲटॅक उशिरा येतात. आपल्याकडे?

याचं उत्तर नागपूरमधून आलंय. २००७ च्या जानेवारीत ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला, पहिलं नाव नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातले पहिला हार्ट ॲटॅक आलेले लोक घेऊन त्यांनी दक्षिण आशियाची बाकीच्या जगाशी तुलना केली. पहिल्या ॲटॅकचं सरासरी वय आपल्याकडे ५३, बाकीच्या देशांत ५८.८. जवळजवळ सहा वर्षं आधी. आता ज्या फॉर्म्युल्यात वय सगळ्यात जड आहे, तो चाळिशीतल्या माणसाला “तू अजून लहान आहेस” असंच सांगणार.

याच निबंधातली दुसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. आपलं रक्तच वेगळं, नशीबच खोटं, असं तो म्हणत नाही. तंबाखू, बीपी, डायबेटिस, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, पोटाचा घेर, ताण, व्यायाम, फळं-भाज्या हेच नेहमीचे यशस्वी कलाकार. फक्त ते आपल्याकडे कमी वयातच स्टेजवर येतात. लवकर ॲटॅक येण्याचं मोठं कारण तेच निघालं.

दुसरं कारण म्हणजे हो-नाहीचे प्रश्न. `diabetes=0` बघा. मामाची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ६.३ होती. डायबेटिस म्हणायला ६.५ लागतं. म्हणून शून्य. मी तिथे एक टाकून बघितलं तर ३.७ चे ७.० झाले. ६.४ ला काहीच नाही आणि ६.५ ला धोका जवळपास दुप्पट! शरीरात अशी पायरी नसते, तिथे उतार असतो. मामा त्या उतारावर बराच खाली आलाय, पण फॉर्म्युल्याला तो अजून वरच उभा दिसतो. आणि अशा काठावर आपल्याकडे खूप माणसं उभी असतात, तीही बारीक दिसणारी.

बारीक म्हणजे कशी, यासाठी पुण्याचा किस्सा सांगायलाच हवा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३, म्हणजे वजन-उंचीच्या हिशेबात दोघेही छान. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दोघांची आडनावं वाय अक्षरापासून सुरू होतात म्हणून याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. डॉक्टरांनी स्वतःच्याच शरीराचा पुरावा मांडला, हे मला भारी आवडतं.

मामाचंही तेच. वजन ६८, उंची १६९ सेंटिमीटर, बीएमआय २३.८. शर्ट इन केला की कोणी जाड म्हणणार नाही. पण टेप लावली तर कंबर ९६ सेंटिमीटर निघाली. भारतीय पुरुषासाठी ९० च्या वर गेली की जास्त धरतात. कंबर या कॅल्क्युलेटरमध्ये विचारतच नाहीत.

आणि एक गोष्ट कोणीच विचारली नव्हती. आजोबांना, म्हणजे मामाच्या वडिलांना, पहिला ॲटॅक ५१ व्या वर्षी आला होता. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत ॲटॅक आला असेल तर अमेरिकेच्या त्याच मार्गदर्शनात तोही धोका वाढवणारा घटक आहे. पण मार्गदर्शन वेगळं आणि कॅल्क्युलेटर वेगळा. कॅल्क्युलेटरमध्ये आजोबांसाठी जागा नाही. क्यूरिस्क ३ मध्ये आहे.

कोणी विचारेल, नवीन काही आलंय का? आलंय. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रिव्हेंट नावाची समीकरणं आणली. त्यात वंशाचा प्रश्नच काढून टाकलाय, किडनीचं काम विचारतात, आणि वय तिसापासून चालतं. ते बऱ्याच लोकांना जुन्यापेक्षा कमी आकडा देतं, कारण मूळ काटा तिथल्या लोकांना जास्त दाखवत होता, तो त्यांनी खाली आणला. आपल्यासाठी त्याचा अर्थ इतकाच की मामाने उद्या नवीन ॲप उघडलं तर ३.७ पेक्षाही कमी दिसू शकतं, आणि त्याला अजून चार लाडू मिळतील.

मग हा कॅल्क्युलेटर फेकून द्यायचा का? नाही. त्याला प्रश्न वेगळा विचारायचा. “मला किती टक्के?” हे विचारण्याऐवजी मी कोडला विचारलं: मामाच्याच वयाच्या, पण सगळं नीट असलेल्या माणसाला किती? कोलेस्टेरॉल १७०, एचडीएल ५०, बीपी ११०, बाकी सगळं शून्य. उत्तर १.३ टक्के. म्हणजे मामाचा धोका त्याच्या जागी जेवढा असू शकला असता त्याच्या जवळपास तिप्पट आहे. मग हाच निरोगी माणूस किती वर्षांचा झाला की मामाइतका धोका होतो ते बघितलं. ५६ ला ३.९ येतात. म्हणजे मामाच्या वाहिन्या गणिताने साधारण पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या निरोगी माणसाएवढ्या.

या तुलनेची खुबी अशी की दोन्ही बाजूंना एकच काटा वापरलाय. शून्य हललेला असला तरी तो दोन्हीकडे साधारण सारखाच हलतो, म्हणून तुलना बऱ्यापैकी टिकते. पण ही तुलनासुद्धा फक्त विचारलेल्या गोष्टींची. कंबर, आजोबा, ६.३ ची साखर अजूनही बाहेरच आहेत आणि तिन्ही एकाच दिशेला ओढतात. त्यामुळे ३.७ हा मामासाठी तळ समजायचा, छत नाही. (इथे मी दुसऱ्यांदा चुकले होते, एपिसोडमध्ये उलटं बोलून गेले.)

हे सगळं मी मामाला मीठबंदर रोडवर चालता चालता सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग माझा खरा आकडा किती ते सांग ना.” मी म्हटलं, मामा, दशांशापर्यंतचा खरा आकडा तुझ्यासाठी कोणाकडेच नाही. पण निर्णयासाठी तो लागतही नाही. ‘लो रिस्क, काही करू नका’ हे उत्तर चुकलंय, एवढं पुरे आहे. त्यावर तो थोडा चिडला. आकडा हातातून काढून घेतला की माणूस चिडतोच.

शेवटी आम्ही दोघं त्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कॅल्क्युलेटरला नावं ठेवली नाहीत, आजोबांचं वय मात्र लगेच लिहून घेतलं. कॅम्पातलं एकच बीपी धरायचं नाही म्हणाले, आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून आणायला सांगितलं. आणि एक रक्ततपासणी लिहून दिली, लायपोप्रोटीन-ए. हा कोलेस्टेरॉलचाच एक चिकट भाऊबंद. किती असणार ते बहुतांशी आईवडिलांकडूनच ठरून येतं आणि आयुष्यभर फारसं बदलत नाही, म्हणून सहसा एकदा तपासलं की पुरतं. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर धोका वाढलेला समजतात. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हे येत नाही, वेगळं सांगावं लागतं. मामाचं ६२ आलं. ते ५० च्या आत असतं आणि तरी निर्णय होत नसता, तर हृदयाच्या वाहिन्यांमधलं कॅल्शियम बघणारा सीटी स्कॅन करता आला असता असं डॉक्टर म्हणाले. पण एवढ्या गोष्टी एका बाजूला जमल्यावर त्याची गरज त्यांना वाटली नाही. घरच्या बीपीची सरासरी १३२ निघाली. स्टॅटिन सुरू झालं, बीपीची गोळी सध्या नाही, मीठ आणि कंबर आधी, तीन महिन्यांनी परत रक्त.

एक महत्त्वाचं राहिलं. हे सगळे कॅल्क्युलेटर ज्यांना अजून काहीही झालेलं नाही त्यांच्यासाठी असतात. चालताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, दम लागत असेल, किंवा आधीच ॲटॅक, स्ट्रोक, अँजिओप्लास्टी झाली असेल, तर ॲप उघडायचं नाही. सरळ डॉक्टर. आणि चाळिशीच्या आतल्यांसाठी वरचं कोड वापरू नका. मी माझं वय टाकून बघितलं, कोड निमूटपणे आकडा देतं, पण तो फॉर्म्युला चाळीस ते एकोणऐंशी वयासाठी बनवलेला आहे. शिवाय वरचे सहगुणक पुरुषांचे आहेत, बायकांसाठी वेगळे असतात. तेव्हा माझ्यासाठी तो आकडा दोन्हीकडून निरर्थक.

ग्रुपवरचा स्क्रीनशॉट मामाने अजून काढलेला नाही. त्याखाली मी रिप्लायमध्ये १.३ लिहून ठेवलंय. मावशीने विचारलं, हे काय? मामाने उत्तर दिलं, “माझे असायला हवे होते तेवढे.”